व्याज दरमहा जमा झालं म्हणून नक्की किती वाढतं? सेव्हिंग खात्याची पार्श्वभूमी

सध्या काही बँका सेव्हिंग खात्यावर दरमहा व्याज जमा करतात आणि त्याचा गाजावाजा जरा जास्तच चाललाय. जाहिरातीत दिसणारा दर हा नॉमिनल, आणि व्याजावर व्याज धरून वर्षाअखेरीला हातात खरंच जे पडतं ते इफेक्टिव्ह, एवढं सगळ्यांना माहीत असतंच. चक्रवाढ वारंवार केली तर रक्कम कुठपर्यंत वाढते हे कोडं एका स्विस गणितज्ञाने सतराव्या शतकातच सोडवायला घेतलं होतं, त्यामुळे गणितात नवीन काहीच नाही. आपल्याकडे भानगड आहे ती नियमांची.

आधी आकडा बघून घ्या. एक लाख रुपये, दर 4 टक्के, वर्षभर हात लावायचा नाही. व्याज वर्षातून एकदा आलं तर 4000, सहामाही आलं तर 4040, तिमाही आलं तर 4060 आणि दरमहा आलं तर 4074, म्हणजे इफेक्टिव्ह दर साधारण 4.07 टक्के. एक्सेलमध्ये `=EFFECT(0.04,12)` टाकलं की हेच येतं. म्हणजे तिमाहीवरून मासिकवर आल्याचा फायदा लाखामागे वर्षाला चौदा रुपये! आणि दर महिन्याला आलेलं व्याज काढून खर्च केलंत तर तेही नाही, कारण व्याजावर व्याज मिळायला ते खात्यात राहायला लागतं.

खरा बदल झाला 1 एप्रिल 2010 ला, तेव्हापासून व्याज रोजच्या बॅलन्सवर मोजायला लागले, आणि त्याची आठवण आता कोणी काढत नाही. त्याआधी बँका महिन्याच्या 10 तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जो सगळ्यात कमी बॅलन्स असेल त्याच्यावरच त्या महिन्याचं व्याज द्यायच्या. आता समजा कोणी रिकाम्या खात्यात 11 एप्रिलला लाख रुपये भरले आणि 25 मेला काढले. एप्रिलमध्ये 10 तारखेला बॅलन्स शून्य, मेमध्ये 25 नंतर शून्य, म्हणजे 44 दिवस बँकेने पैसे वापरले आणि व्याज मिळालं शून्य. तेव्हाच्या साडेतीन टक्क्यांनी रोजच्या बॅलन्सवर हिशोब केला तर हेच व्याज 422 रुपये होतं. पासबुकवर साडेतीन, हातात भोपळा. त्या काळात नॉमिनल आणि इफेक्टिव्हमधली दरी चक्रवाढीमुळे नव्हतीच, ती होती या दहा तारखेच्या नियमामुळे, आणि माझ्या मते ती सरळसरळ खातेदाराच्या खिशाला कात्री होती. शाखा कॉम्प्युटराइज झाल्यात मग रोजचा हिशोब का नको, असं म्हणत मध्यवर्ती बँकेने 2009 च्या धोरणात डेली प्रॉडक्ट पद्धत जाहीर केली, आणि अंमलबजावणीला तरी वर्ष दिलंच.

इथेच एक घोळ होतो. व्याज रोज मोजलं जातं म्हणजे रोज चक्रवाढ होते असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. रोजच्या क्लोजिंग बॅलन्सवर फक्त मोजणी होते, ते व्याज बाजूला साठत जातं, आणि खात्यात जमा झाल्यावरच त्याच्यावर पुढचं व्याज सुरू होतं. म्हणून मोजणी कधी आणि जमा कधी हे दोन वेगळे प्रश्न विचारायचे.

पुढचं भराभर झालं. मे 2011 मध्ये दर साडेतीनचा चार झाला, त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला दर ठरवायचं स्वातंत्र्यच बँकांना मिळालं, आणि 2016 च्या निर्देशांत व्याज तिमाही किंवा त्याहून कमी अंतराने जमा करा असं आलं, तोवर सहामाहीचाच रिवाज होता. दर मोकळे झाल्यावर स्पर्धा आली आणि त्यातूनच मासिक व्याजाची टूम निघाली. अमेरिकेत 1991 च्या कायद्यामुळे जाहिरातीत इफेक्टिव्ह यील्डच दाखवायला लागतं. आपल्याकडे सेव्हिंगसाठी अजून नॉमिनलच मिरवतात.

2025 मध्ये बऱ्याच मोठ्या बँकांनी दर अडीच टक्क्यांवर आणला. त्यावर मासिक व्याज धरलं तरी लाखाला 2529 होतात. पोस्टाच्या सेव्हिंग खात्यात 4 टक्के, वर्षातून एकदाच 31 मार्चला जमा, तरी 4000. पण पोस्टात तो 10 तारीख ते महिनाअखेरवाला नियम अजून आहे, त्यामुळे पडून राहणारा पैसा असेल तरच हे 4000. पगार येतो-जातो अशा खात्याला पोस्टात खरा दर किती पडेल ते तारखांवर आहे.

आणि पासबुक तपासताना दरमहा सारखाच आकडा शोधू नका. 4 टक्क्यांनी लाखावर 31 दिवसांच्या महिन्याला 339.73 येतात, 28 दिवसांच्या फेब्रुवारीत 306.85, बँकेने कापलं म्हणून तक्रार करायचं कारण नाही.