किती घरे तपासायची? सरासरी लांबीच्या निकषाची पार्श्वभूमी

पावसाळा लागला की ठाण्यात डासांच्या अळ्या शोधणारी पथके घरोघर फिरू लागतात. पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरची टाकी असे सगळे पाहिले जाते. तपासलेल्या घरांपैकी किती टक्के घरांत अळ्या सापडल्या, या आकड्याला हाऊस इंडेक्स म्हणतात. समजा वर्तकनगरच्या एका भागाचा हाऊस इंडेक्स काढायचा आहे आणि ९५ टक्के खात्रीची पट्टी एकूण सहा टक्क्यांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीन टक्के. मग किती घरे तपासावी लागतील?

पाठ्यपुस्तकातले सूत्र हे उत्तर लगेच देते, पण त्याआधी खरे प्रमाण विचारते. ते ठाऊक असते तर सर्वेक्षण कशाला केले असते? म्हणून बहुतेक जण सर्वांत वाईट स्थिती धरतात, प्रमाण ५० टक्के मानतात आणि १,०६७ घरांवर येतात. अळ्यांच्या बाबतीत हे फारच जास्त आहे, कारण निम्म्या घरांत अळ्या असतील असे त्या भागात काम केलेले कोणीच म्हणणार नाही. उलट १० टक्के धरले तर सूत्र ३८४ घरे सांगते. पण १० हा केवळ अंदाज असतो, आणि तो किती डळमळीत आहे याला सूत्रात कुठेच जागा नाही.

ही अडचण फार जुनी आहे, आणि तिच्यावरचा पहिला मोठा प्रयत्न बेझच्या रीतीनेच, म्हणजे सुरुवातीला धरलेल्या शक्यता मिळालेल्या माहितीने सुधारत नेण्याच्या रीतीने झाला होता. थॉमस बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने तीच रीत फ्रान्सच्या लोकसंख्येला लावली. सगळा देश मोजणे शक्य नव्हते, पण जन्मांच्या नोंदी होत्या. काही भागांत माणसे मोजून एका जन्मामागे किती माणसे पडतात हे काढायचे आणि त्याने देशभरातल्या जन्मांना गुणायचे, अशी ती युक्ती होती. १७८६ मध्ये छापलेल्या लेखात त्याने उलटा प्रश्न विचारला: चूक पाच लाखांच्या आत राहील अशी हजारास एक या भावाने खात्री हवी असेल, तर किती माणसे मोजावीत? त्याचे उत्तर ७,७१,४६९ आले आणि त्याने दहा ते बारा लाख मोजण्याचा सल्ला दिला. माहिती गोळा करण्याआधीच निष्कर्षाची अनिश्चितता मोजायची आणि तिच्यावरून नमुना ठरवायचा, हा विचार इथे स्पष्ट दिसतो. मात्र सुरुवातीला सगळी प्रमाणे त्याने सारखीच शक्य धरली होती. आधीची माहिती हिशेबात घेण्याची सोय त्यात नव्हती.

ती सोय नीट मांडली गेली ती जवळजवळ दोनशे वर्षांनी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ॲडकॉक यांनी पट्टीची लांबी आधी ठरवली आणि तिच्यात खरे मूल्य असण्याची संभाव्यता सरासरीने ९५ टक्के भरेल इतका नमुना मागितला. १९९५ मध्ये जोसेफ, वोल्फसन आणि द्यू बर्जे यांनी प्रश्न फिरवला. संभाव्यता प्रत्येक वेळी ९५ टक्केच ठेवायची, लांबी मात्र निकालानुसार कमी-जास्त होऊ द्यायची, आणि तिची सरासरी ठरलेल्या मर्यादेत आणायची. हाच सरासरी लांबीचा निकष. मला तो जास्त पटतो, कारण अहवाल वाचणारा ९५ टक्के हा आकडा ठरलेला मानूनच पट्टी किती रुंद आहे ते पाहतो.

आता वर्तकनगरचा हिशेब करू. गेल्या हंगामांच्या अनुभवावरून प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास वाटते, पण ३ किंवा २० टक्केही अशक्य नाही. हे ज्ञान बीटा(२, १८) या पूर्ववितरणात, म्हणजे तपासणीआधी कोणते प्रमाण किती शक्य वाटते हे सांगणाऱ्या वितरणात बसते. त्याची सरासरी १० टक्के आहे, आणि त्याचे वजन जणू २० घरे आधीच तपासून झाल्याइतके आहे. या वितरणातून एक प्रमाण उचलायचे, त्या प्रमाणाने n घरांत किती अळ्यावाली घरे निघतील ते फासे टाकल्यासारखे काढायचे, आणि निकाल धरून पट्टीची लांबी मोजायची. असे हजारो वेळा करून सरासरी घ्यायची. आर भाषेत हे एवढ्यात होते:

```r
alc <- function(n, a, b) {
  t <- rbeta(20000, a, b)
  x <- rbinom(20000, n, t)
  mean(qbeta(.975, a+x, b+n-x) -
       qbeta(.025, a+x, b+n-x))
}
alc(315, 2, 18)
```

उत्तर ०.०६ च्या अगदी जवळ येते, म्हणजे साधारण ३१५ घरे पुरतात. १९९५ च्या लेखात दोन्ही टोके सारखी न कापता सर्वांत आखूड पट्टी घेतली होती. त्याने संख्या किंचितच हलते. पूर्वज्ञान काहीच नाही असे मानून बीटा(१, १) घातले, तर सुमारे ६५५ घरे लागतात.

३८४ वरून ३१५ वर येताना दोन गोष्टी घडतात. आधीच्या २० घरांच्या वजनाने साधारण तेवढीच घरे वाचतात. उरलेली, म्हणजे जास्त बचत सरासरीमुळे होते. पट्टीची लांबी प्रमाणाच्या वर्गमुळासारखी वाढते, म्हणून कमी प्रमाणाच्या शक्यतांत लांबी झपाट्याने घटते आणि जास्त प्रमाणाच्या शक्यतांत हळू वाढते.

या निकषाची खरी मर्यादाही इथेच आहे. ३१५ पैकी १६ घरांत अळ्या निघाल्या तर पट्टी पाच टक्क्यांहूनही अरुंद येते. ६३ घरांत निघाल्या तर ती साडेआठ टक्क्यांच्या जवळ जाते. याच पूर्ववितरणाने पाहिले तर जवळजवळ निम्म्या शक्यतांत पट्टी सहा टक्क्यांपेक्षा रुंदच असते. त्या तिघांनी वाईटातल्या वाईट निकालालाही मर्यादा पाळायला लावणारा निकष सोबत दिला होता, पण त्याने संख्या पुन्हा हजारापार जाते. म्हणून योजनेच्या कागदावर सरासरीसोबत लांबीचा ९० वा शतमकही लिहावा. वरच्या फंक्शनमध्ये `mean` ऐवजी `quantile` घेतले आणि त्याच्या कंसात शेवटी `, .9` जोडले की तो मिळतो.

दुसरा धोका पूर्ववितरणातच असतो. मे महिन्याच्या नोंदींवर ते बसवले आणि पथके ऑगस्टमध्ये फिरली, तर ३१५ ही संख्या एका वेगळ्याच शहरासाठी काढल्यासारखी होते. प्रत्यक्ष सापडलेली संख्या भाकिताच्या टोकाला पडली की हे ओळखू येते. वांग आणि गेलफंड यांनी २००२ मध्ये यावर नमुना ठरवण्यासाठी एक पूर्ववितरण आणि निष्कर्ष काढण्यासाठी दुसरे, असे दोन भाग केले. नियोजनात अनुभव मोकळेपणाने वापरता येतो आणि अहवालात मात्र सपाट बीटा(१, १) ठेवता येते. तसे केले तर त्या २० घरांची सूट जाते आणि संख्या थोडी वाढते.

शिवाय हा सगळा हिशेब प्रत्येक घर स्वतंत्र मानतो. ठाण्यातल्या एका इमारतीतल्या घरांचे पाणी एकाच टाकीतून येते आणि गच्चीही एकच असते, त्यामुळे एका घरात अळ्या असल्या तर शेजारच्या घरातही असण्याची शक्यता वाढते. एका इमारतीतल्या घरांमधला हा सहसंबंध ०.१ धरला आणि प्रत्येक इमारतीत दहा घरे पाहिली, तर लागणारी संख्या १.९ पट होते, म्हणजे ३१५ ऐवजी सुमारे ६०० घरे. प्रत्येक इमारतीत तीनच घरे पाहिली तर ती १.२ पट होते. मग ३७८ घरे पुरतात, पण पथकाला १२६ इमारतींचे जिने चढावे लागतात.