पाऊस पडला की एनडीव्हीआय का फुगतो: सॅव्ही निर्देशांकाची पार्श्वभूमी

उपग्रहचित्रावरून हिरवाई मोजणारा एनडीव्हीआय रूढ झाला तो 1970च्या दशकात, अमेरिकेच्या मध्य मैदानांतल्या गवताळ कुरणांवर. विरळ पिकात त्याची अडचण 1980च्या दशकात नीट मोजली गेली. एका प्रयोगात कपाशीच्या झाडांखाली वेगवेगळ्या मातीचे ट्रे आलटूनपालटून सरकवले, कोरडे आणि ओले. झाडे तीच असूनही काळ्या आणि ओल्या मातीवर एनडीव्हीआय वाढलेला दिसला.

त्यातूनच 1988मध्ये मातीचा हा परिणाम कमी करणारा सॅव्ही आला:

```
SAVI = (NIR - Red) / (NIR + Red + L) * (1 + L)
```

NIR आणि Red म्हणजे निकट-अवरक्त आणि लाल पट्ट्यांतले परावर्तन, तर L हा मातीचा परिणाम दाबणारा आकडा. L शून्य धरला तर हाच एनडीव्हीआय. वाद सगळा या L चा आहे. मूळ मांडणीत अगदी विरळ पिकाला 1, मध्यम पिकाला 0.5 आणि दाट पिकाला 0.25 असे सुचवले होते. सोयीसाठी 0.5 सर्रास धरला गेला आणि तोच पायंडा पडला. ज्या अवस्थेसाठी सॅव्ही हवा, नेमकी तिथेच ही सोय अंगाशी येते.

मराठवाड्यातले जुलैमधले कपाशीचे शेत घ्या. पानांनी जेमतेम 20 टक्के जमीन झाकली आहे, बाकी सगळी काळी माती. कोरड्या मातीचे परावर्तन लाल पट्ट्यात 0.12 आणि निकट-अवरक्तात 0.15 धरू, भिजल्यावर 0.06 आणि 0.08. पानांचे 0.04 आणि 0.45. एका सरीनंतर एनडीव्हीआय 0.34 वरून 0.47 वर जातो, म्हणजे नकाशावर पीक एका रात्रीत वाढलेले दिसते. L 0.5 धरला तर सॅव्ही 0.20 वरून 0.21 होतो. L 1 धरला तर दोन्ही वेळी 0.16.

मग 1 का वापरत नाहीत? कारण आच्छादन किती आहे हे आधी माहीत हवे, आणि तेच तर शोधायचे असते. 1994च्या सुधारित सूत्रात L पिकाप्रमाणे आपोआप बदलतो. वरच्या उदाहरणात ते दोन्ही वेळी 0.17 देते. तरीही 0.5 सुटलेला नाही, यात सवयीचा वाटा मोठा असावा. वाळलेले धसकट आणि सावली यांवर मात्र यातल्या कोणत्याच सूत्राचा इलाज नाही.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत झाल्यावर एक नवीच चूक रुळली. त्यांत परावर्तन 10,000ने गुणून पूर्णांकात साठवलेले असते, आणि जानेवारी 2022पासूनच्या प्रक्रियेत त्यात आणखी 1,000 मिळवलेले असतात. हे आकडे तसेच सूत्रात घातले तर हजारांच्या बेरजेत 0.5 नगण्य ठरतो आणि सॅव्ही म्हणून हाती येतो तो त्याच कच्च्या आकड्यांचा 1.5ने गुणलेला एनडीव्हीआय. दाट उसावर किंवा झाडीवर मूल्य 1च्या वर गेलेले दिसले, तर आकडे 10,000ने भागले आहेत का, आणि नव्या प्रक्रियेतल्या चित्रांत त्याआधी 1,000 वजा केले आहेत का, ते तपासावे.