जोडीदारावरील एकवटलेले अवलंबित्व

मन मोकळे करणे, सल्ला, मैत्री, करमणूक, स्वतःबद्दलची किंमत आणि 'आपण कोण' याचे उत्तर हे सगळे नवरा, बायको किंवा प्रियकर-प्रेयसी या एकाच व्यक्तीकडून मिळावे अशी घडी बसते, तेव्हा तिला एकवटलेले अवलंबित्व म्हणता येईल. नव्या प्रेमात किंवा लग्नाच्या पहिल्या वर्षी मित्र थोडे मागे पडतातच. त्यात वावगे काही नाही. पुढे ते परत येत नाहीत आणि त्यांची जागा रिकामी आहे हे जाणवतही नाही, तेव्हा प्रश्न सुरू होतो. याकडे बहुधा स्वभावदोष म्हणून पाहिले जाते: 'तो फारच चिकटतो', 'तिला स्वतःचे काही नाहीच'. मुंबई आणि तिच्या उपनगरांपुरते बोलायचे तर स्वभावाइतकाच घराचा नकाशा आणि लोकलचे वेळापत्रक याला जबाबदार आहे.

चाळीतून फ्लॅटमध्ये

ब्रिटनमधील मानवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बॉट यांनी लंडनमधील २० कुटुंबांचा अभ्यास करून १९५७ साली एक निरीक्षण मांडले. नवरा-बायकोचे नातलग, शेजारी आणि मित्र एकमेकांनाही ओळखत असतील, म्हणजे भोवतालचे जाळे घट्ट विणलेले असेल, तर दोघांचे जग बरेचसे वेगळे राहते. तो त्याच्या माणसांत असतो, ती तिच्या. जाळे विरळ झाले की दोघे एकमेकांवर अधिक टेकतात. बॉट यांना गिरणगाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण लालबाग-परळच्या चाळीचे आणि आजच्या बदलापूर-विरारच्या फ्लॅटचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण आहे.

चाळीतल्या खोलीत नवरा-बायकोला एकांत जवळजवळ नव्हता. बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. त्यामुळे भावनिक व्यवहाराचा मोठा भाग खोलीबाहेर होई. बायका नळावर आणि गॅलरीत बोलत, पुरुष मंडळाच्या कट्ट्यावर किंवा कॅरम बोर्डभोवती. मूल आजारी पडले तर शेजारीण आधी येई, नवरा पाळीवरून नंतर. यात गोडवा शोधू नये. त्याच गॅलरीत चुगल्याही चालत, आणि नवऱ्याने मारले तरी 'घरचा मामला' म्हणून दारे लागत. पण आधाराचा भार अनेकांवर वाटलेला होता, आणि तो कुणी ठरवून वाटला नव्हता.

१९८२च्या संपानंतर गिरण्या मोडीत निघाल्या, चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि मराठी कुटुंबे ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई-विरारकडे सरकली. स्वतःचे दार, स्वतःचे न्हाणीघर मिळाले. ही कमाई लहान नाही आणि ती मागे टाकून कुणी पुन्हा सामाईक संडासाकडे जाणार नाही. मात्र गॅलरी, नळ आणि कट्टा करत असलेले काम कुणालाही नेमून न देता फ्लॅटच्या आत आले आणि तिथे एकच प्रौढ माणूस हजर होता.

सहा गरजा, सहा रकाने

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७४ साली नात्यांतून मिळणाऱ्या गोष्टींची सहा गटांत मांडणी केली. साध्या मराठीत त्या अशा: मायेची जवळीक, सारख्या आवडीच्या माणसांची सोबत, आपल्या कामाची कदर, अडीनडीला हमखास धावून येणारे कुणी, जाणत्याचा सल्ला, आणि आपण ज्याची काळजी घ्यावी असे कुणी. एकटेपणावरील त्यांच्या कामाचा गाभा असा की एका प्रकारची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. जिवाभावाचा नवरा असूनही मैत्रिणींची उणीव राहते, आणि भरल्या मित्रमंडळीतही जोडीदाराची. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एलेन च्युंग आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातही या दिशेचा पुरावा आहे: राग एकाकडे, चिंता दुसऱ्याकडे, आनंद तिसऱ्याकडे अशी वेगवेगळ्या भावनांसाठी वेगवेगळी माणसे असलेल्यांमध्ये समाधान अधिक आढळले. हा सहसंबंध आहे, कारण-परिणामाचा पक्का पुरावा नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

ही यादी कागदावर सहा रकाने आखून भरता येते. प्रत्येक रकान्यात 'कोण असू शकेल' हे न लिहिता गेल्या महिन्यात प्रत्यक्ष कोणाकडे गेलो त्याचे नाव लिहायचे. हा फरक मोठा आहे. विचारले तर बहुतेकांना दहा मित्र आठवतात, पण महिन्याचा हिशेब मांडला की एकच नाव चार-पाच रकान्यांत येते.

एक उदाहरण

पुढील जोडपे कल्पित आहे, पण त्यातील तपशील या पट्ट्यात नेहमी दिसणारे आहेत. नवरा ३८ वर्षांचा, लालबागच्या चाळीत वाढलेला, आता बदलापूरला राहतो आणि घरूनच एका कंपनीचे हिशेबाचे काम करतो. बायको ठाण्याला बँकेत. तिचा सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यातला ग्रुप आहे. तिथे चौथी सीट वाटून बसतात, डबे उघडतात, भाजीही निवडतात. महिन्यातून एका शनिवारी भिशी असते. तो दिवसभर घरात एकटा. ती रात्री आठला दार उघडते आणि पाय धुण्याआधीच साहेबाने आज काय केले ते सुरू होते. ती भिशीला गेली की तो जेवत नाही. हळूहळू तिने भिशी सोडली. भांडण असे झालेच नाही. म्हणून तर दोघांनाही काही बिघडले आहे असे वाटले नाही.

रकाने भरल्यावर त्याच्या कागदावर पाच ठिकाणी बायकोचे नाव आले, आणि अडीनडीच्या रकान्यात लालबागच्या भावाचे, जो दीड-दोन तासांवर राहतो. तिच्या कागदावर बहीण, लोकलमधली मैत्रीण, बँकेतल्या मॅडम आणि नवरा अशी चार नावे होती. म्हणजे अवलंबित्व एकतर्फी होते, आणि आणखी वर्षभरात तिचीही माणसे गळून ते दुतर्फा झाले असते. सर्वात ठळक ठरला कदरीचा रकाना. चाळीत तो मंडळाचा कॅरमपटू होता, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे असे, वीस घरांत त्याला त्या नावाने ओळखत. बदलापूरला तो फक्त 'ताईंचे मिस्टर' होता.

अशा वेळी 'नवा जिवलग मित्र शोध' हा सल्ला फसतो, कारण मैत्रीला तास लागतात. जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अमेरिकेतील अभ्यासात ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून अधिक तास लागल्याचे दिसले. नुसते एकत्र काम केल्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडले नाहीत. हा हिशेब मुंबईला लावून पाहावा. महिन्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्या दोघांना २०० तास व्हायला आठ वर्षांहून जास्त लागतील. बदलापूर-ठाणे सकाळचा प्रवास सुमारे ५० मिनिटांचा. संध्याकाळी गाड्या वेगवेगळ्या, म्हणून फक्त सकाळ धरली तरी आठवड्याला चार तासांहून थोडे अधिक होतात आणि वर्षभरात २०० तास भरतात. लोकलमधल्या मैत्र्या टिकाऊ का असतात याचे उत्तर बऱ्याच अंशी या गुणाकारात आहे. अमेरिकी आकडे इथे तंतोतंत बसतील असे नाही, पण ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि तीच माणसे हे सूत्र दोन्हीकडे तेच दिसते.

म्हणून त्याने रकान्यागणिक वेगळी वाट धरली. ऑफिसच्या कटकटी जुन्या सहकाऱ्याला मंगळवारी आणि शुक्रवारी सातच्या सुमारास फोनवर सांगायच्या, म्हणजे बायको येईपर्यंत वाफ निघालेली असेल. घराची जादा किल्ली समोरच्या फ्लॅटमधल्या काकांकडे ठेवायची आणि त्यांची आपल्याकडे घ्यायची. किल्ली देणे हे अडीनडीचे नाते सुरू करण्याचे सर्वात स्वस्त साधन आहे, कारण त्यासाठी गप्पा जमाव्या लागत नाहीत. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये धूळ खात पडलेला कॅरम बोर्ड बुधवारी आणि शनिवारी रात्री मांडायचा. आणि बायकोने भिशी पुन्हा सुरू करायची.

चूक अपेक्षित जागीच झाली. दुसऱ्या महिन्यात तो सहकाऱ्याला रोज फोन करू लागला आणि तिकडून फोन उचलणे कमी झाले. भार वाटला गेला नव्हता, एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला होता. समुपदेशकही अनेकदा असाच नवा एकुलता आधार बनतो. आठवड्याचा एक तास सोडला तर बाकी आठवडा तसाच राहतो. फोन दोनच दिवसांवर आणल्यावर आणि साहेबाची तक्रार लालबागच्या भावालाही सांगू लागल्यावर गाडी रुळावर आली.

दुसरी अडचण बायकोच्या बाजूने आली, आणि तिची कल्पना सहसा कुणी देत नाही. तो आता काही सांगत नाही म्हणून तिला रिते वाटू लागले. कंटाळा आला होता तरी त्या गाऱ्हाण्यांत आपण हव्या असल्याची खूणही होती. दोघांनी मग काही गोष्टी आधी एकमेकांनाच सांगायच्या ठरवल्या: तब्येत, पैसा, आईवडिलांविषयीचे निर्णय आणि आपसातली भांडणे. बाकीचे कुठेही बोलावे. ही रेघ आखली नाही तर बाहेर जोडलेले प्रत्येक माणूस घरात परके वाटते.

फरक पडला का हे 'कसे वाटते' यावरून ठरवू नये. बायको चार दिवस माहेरी गेली असता तो किती जणांशी बोलला, नीट जेवला का, आणि ती परत आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कोण बोलले, एवढे पाहिले तरी पुरते. इथे सहा महिन्यांनी पाचपैकी तीन रकान्यांत दुसरी नावे आली. सल्ल्याचा रकाना मात्र अजून तिच्याच नावावर आहे, आणि तो तसा राहिला तरी बिघडत नाही. ओळखीचा भाग सर्वात हळू भरतो. कॅरमला सोसायटीतले चार-पाच जण येतात, पण 'ताईंचे मिस्टर' ही हाक अजून पूर्ण गेलेली नाही.

हे उपाय कुठे लागू नाहीत

वरवर सारखी दिसणारी तीन परिस्थिती वेगळ्या आहेत. पहिली जोडीदाराच्या ताब्याची. मैत्रिणींचे फोन तपासणे, माहेरी जाऊ न देणे, पगार काढून घेणे यांतून आलेले एकटेपण हे अवलंबित्व नव्हे, छळ आहे. तिथे रकाने भरण्याचा कागद घरात ठेवणेही धोक्याचे ठरू शकते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५चा आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्थेने सुरू केलेले 'दिलासा' केंद्र अशा स्त्रियांसाठी आहे, आणि रुग्णालयात जाण्याला घरी सबब द्यावी लागत नाही ही त्याच्या जागेची खुबी.

दुसरी परिस्थिती समलिंगी जोडप्यांची. घरी सांगितलेले नसते किंवा सांगितल्यावर दारे बंद झालेली असतात, त्यामुळे जोडीदार हा एकच आधार उरतो. तिथे 'जुन्या माणसांना फोन करा' हा सल्ला निरुपयोगी आहे. नवी माणसेच जोडावी लागतात, आणि मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या संस्था १९९४ पासून ते काम करत आहेत.

तिसरी नैराश्याची. माणसे हाताशी असूनही फोन उचलवत नाही, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली आहे, कॅरमच काय, कशातच रस उरलेला नाही, अशा वेळी जाळे विणण्याआधी उपचार लागतात. सरकारी 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतूनही बोलते. केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे.