अडीच अंशांतून पाच हजार किलोज्यूल

कपाटात ठेवायची पांढरी डांबरगोळी म्हणजे बऱ्याचदा नॅफ्थलीन. हा पदार्थ पूर्ण जाळला तर दर मोलामागे किती उष्णता बाहेर पडते, हे संदर्भग्रंथात एका ओळीत सापडतं: ज्वलन एन्थाल्पी सुमारे −५१५६ किलोज्यूल. प्रयोगशाळेत मात्र हा आकडा कुठल्याच उपकरणावर दिसत नाही. तिथे दिसतं ते एवढंच, की दोन लिटर पाण्याचं तापमान साधारण अडीच अंशांनी वाढलं. त्या अडीच अंशांपासून पाच हजार किलोज्यूलपर्यंत पोचताना नेमकं काय करावं लागतं, ते एकच उदाहरण धरून पाहू. आकडे नमुन्याचे घेतले आहेत, पण बीएस्सीच्या प्रयोगात साधारण असेच येतात.

हे ज्वलन ज्यात घडवतात तो बॉम्ब म्हणजे जाड पोलादी भिंतींचं, फिरकीच्या झाकणाचं छोटं भांडं. त्याची क्षमता जेमतेम एक-तृतीयांश लिटर. फ्रान्समध्ये मार्सेलिन बेर्तलो यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रूढ केली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. नॅफ्थलीन दाबयंत्रात दाबून त्याची वडी करायची, कारण सुटी पूड स्फोटाच्या झोताने उडते आणि न जळताच भिंतींना चिकटते. वडी धातूच्या वाटीत ठेवायची, तिला फ्यूजची बारीक तार टेकवायची, तळाशी पिपेटने एक मिलिलिटर पाणी सोडायचं, झाकण आवळायचं आणि सुमारे ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरायचा. आपल्या ०.६४१ ग्रॅम वडीला लागतो त्याच्या जवळजवळ सातपट ऑक्सिजन त्यात मावतो. तो कमी पडला तर काजळी धरते किंवा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि अर्धवट जळालेल्या वडीचा आकडा कुठल्याही हिशेबाने सुधारता येत नाही. म्हणून प्रयोग संपल्यावर झाकण उघडून वाटीत काळं काही दिसतंय का, हे आधी पाहायचं. दिसलं तर ते वाचन सरळ टाकून द्यायचं.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवते. बाजारातली प्रत्येक गोळी नॅफ्थलीनची नसते. बऱ्याच गोळ्या क्लोरीनयुक्त डायक्लोरोबेन्झीनच्या असतात. ती जळताना हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते बॉम्बचं पोलाद खातं. प्रयोगासाठी शुद्ध नॅफ्थलीनच घ्यावं.

बॉम्ब पाण्याच्या बादलीत बुडवला, ढवळणी सुरू केली आणि विद्युतप्रवाह देऊन तार पेटवली, की उष्णता पाण्यात जाते. पण ती फक्त पाण्यात जात नाही. पोलाद, बादली, ढवळणी, तापमापी, सगळंच तापतं. या सगळ्यांच्या वेगवेगळ्या उष्माधारकता शोधत बसण्याची गरज नसते. जिचं उत्तर आधीच नेमकं ठाऊक आहे अशी वस्तू जाळली, की सगळ्यांची मिळून एकच संख्या हाती लागते. त्यासाठी बेन्झॉइक आम्ल वापरतात. ते शुद्ध मिळतं, हवेतलं पाणी शोषत नाही, वडीही चांगली होते, आणि दर ग्रॅमला २६.४३४ किलोज्यूल देतं. समजा एक ग्रॅम बेन्झॉइक आम्ल जाळलं आणि दुरुस्त केलेली तापमानवाढ २.६२० अंश आली. जळालेल्या तारेचे ०.०६७ किलोज्यूल त्यात मिळवले की एकूण उष्णता २६.५०१ किलोज्यूल. तिला २.६२० ने भागलं की १०.११५. म्हणजे हे उपकरण एक अंशाने तापवायला १०.११५ किलोज्यूल लागतात. एकट्या दोन लिटर पाण्याला सुमारे ८.४ लागले असते. उरलेले पावणेदोन पोलादाचे आणि इतर भागांचे.

आता नॅफ्थलीन. तार पेटवली त्या क्षणी पाणी २४.३१२ अंशांवर होतं आणि सात मिनिटांनी २६.८४६ वर. वजाबाकी केली की २.५३४ येते. पण ही वाढ अशीच वापरली तर उत्तर चुकतं.

पाणी खोलीपेक्षा गरम झालं की उष्णता बाहेर गळते, थंड असलं की बाहेरून आत येते, आणि ढवळणीची घासणही सतत थोडी ऊर्जा भरत राहते. म्हणून तार पेटवण्याआधी पाच-सहा मिनिटं आणि तापमान स्थिरावल्यावर पुन्हा तितकीच मिनिटं वाचनं घेत राहायची. आपल्या उदाहरणात आधीची चाल दर मिनिटाला ०.००२ अंश वर होती आणि नंतरची ०.००४ अंश खाली. मधल्या काळात यातली कुठली चाल धरायची? अमेरिकेच्या मानक संस्थेतले हॉबार्ट डिकिन्सन यांनी शतकापूर्वी यावर साधी युक्ती दिली. एकूण वाढीच्या सुमारे ६० टक्के वाढ कधी झाली तो क्षण शोधायचा, त्याच्या आधी पहिली चाल आणि नंतर दुसरी चाल लावायची. इथे तो क्षण दीड मिनिटाचा. आधीच्या दीड मिनिटात बाहेरून ०.००३ अंश आले, ते वजा. नंतरच्या साडेपाच मिनिटांत ०.०२२ अंश गळाले, ते अधिक. २.५३४ चे झाले २.५५३.

फरक ०.०१९ अंशांचा, डोळ्यांना जाणवणारही नाही असा. पण तो सोडून दिला तर अंतिम उत्तर मोलामागे जवळपास ३८ किलोज्यूलने कमी येतं. बेन्झॉइक आम्लाच्या वेळीही हीच दुरुस्ती सोडली असती, तर दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. एका वेळी केली आणि दुसऱ्या वेळी विसरली, की मात्र पूर्ण फटका बसतो.

पुढचा हिशेब सरळ आहे.

```
एकूण उष्णता    = १०.११५ × २.५५३ = २५.८२४ kJ
तार वजा        = २५.८२४ − ०.०६७ = २५.७५७ kJ
दर ग्रॅमला      = २५.७५७ ÷ ०.६४१ = ४०.१८ kJ
दर मोलाला      = ४०.१८ × १२८.१७ ≈ ५१५० kJ
```

बॉम्बमध्ये शिल्लक राहिलेल्या हवेतल्या नायट्रोजनपासून चिमूटभर नायट्रिक आम्लही बनतं आणि त्याची उष्णताही वजा करायची असते. ती थोडीच असल्याने इथे सोडली आहे. काटेकोर कामात बॉम्ब धुऊन त्या पाण्याचं अनुमापन करतात.

तर ५१५० किलोज्यूल. पण ही एन्थाल्पी नव्हे. पोलादी भांड्याचं आकारमान बदलत नाही, त्यामुळे वायूंना बाहेर ढकलण्याचं किंवा त्यांच्यावर बाहेरून दाब येऊन होणारं काम शून्य. जेवढी ऊर्जा बाहेर आली ती सगळी उष्णता म्हणून आली. म्हणून ही संख्या अंतर्गत ऊर्जेतला बदल देते, ΔU = −५१५० किलोज्यूल प्रति मोल. उणे चिन्ह अशासाठी, की ऊर्जा रसायनांमधून बाहेर गेली. पाणी तापलं म्हणून अधिक चिन्ह लावणारे बरेच जण भेटतात, पण तापलं ते पाणी आणि आपण हिशेब ठेवतोय जळणाऱ्या पदार्थाचा.

संदर्भग्रंथातली संख्या मात्र स्थिर दाबाची, उघड्या हवेतल्या ज्वलनाची असते. तिथे जाण्यासाठी वायूंचे मोल मोजायचे.

```
C₁₀H₈(s) + 12 O₂(g) → 10 CO₂(g) + 4 H₂O(l)
ΔH = ΔU + Δn·R·T
```

Δn मध्ये फक्त वायू मोजायचे: १० वजा १२, म्हणजे उणे २. नॅफ्थलीन घन आहे आणि पाणी द्रव, त्यांची जागा वायूच्या मानाने नगण्य. वायुस्थिरांक R गुणिले तापमान T म्हणजे २९८ केल्विनला २.४७८ किलोज्यूल. दुरुस्ती आली −४.९६, आणि ΔH = −५१५५ किलोज्यूल. ग्रंथातल्या ५१५६ च्या हे अगदी शेजारी आहे.

दुरुस्तीचं चिन्ह पाठ करू नये, त्यामागे काय घडतं ते डोळ्यांसमोर आणावं. ज्वलनात वायूचे १२ मोल जाऊन १० आले, म्हणजे वायू आक्रसला. उघड्या हवेत हेच घडलं असतं तर वातावरणाने ती रिकामी झालेली जागा दाबून भरून काढली असती, आणि दाबताना केलेलं काम आत येऊन पुन्हा उष्णता म्हणून बाहेर पडलं असतं. म्हणून स्थिर दाबाला थोडी जास्त उष्णता मिळते. साखरेच्या ज्वलनात १२ मोल ऑक्सिजन जातो आणि १२ मोल कार्बन डायऑक्साइड येतो, वायू तेवढाच राहतो, आणि तिथे दोन्ही आकडे एकच असतात.

इथे दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे R ८.३१४ ज्यूलमध्ये घेऊन उत्तर थेट किलोज्यूलमध्ये मिळवणं. मग दुरुस्ती पाचऐवजी चार हजार नऊशे पंचावन्नची होते, आणि उत्तर दोनशेच्या आत किंवा दहा हजारांच्या वर गेलं की ते लगेच कळतं. दुसरी चूक जास्त फसवी आहे: पाण्याचे चार मोल वायूत धरणं. मग Δn उणे २ ऐवजी अधिक २ होतो, चिन्ह उलटतं आणि उत्तर −५१४५ येतं. ते बरोबर वाटण्याइतकं जवळ असतं. बॉम्बच्या तळाशी सोडलेला एक मिलिलिटर याचसाठी असतो. आतली हवा आधीच बाष्पाने भरलेली राहते आणि ज्वलनातून आलेलं पाणी द्रवच बनतं. पाणी वाफ म्हणून हवं असेल तर ती वेगळी प्रक्रिया आहे, आणि तिची उष्णता मोलामागे जवळपास १७६ किलोज्यूलने कमी असते.

आता या ५१५५ वर किती विश्वास ठेवायचा? तापमापी ०.००२ अंशाने चुकली तर उत्तरात चार किलोज्यूलची चूक येते. म्हणजे ΔU आणि ΔH मधला फरक आपल्या मोजमापाच्या अनिश्चिततेएवढाच आहे. तरीही दुरुस्ती सोडता येत नाही, कारण तापमापीची चूक कधी वर तर कधी खाली जाते आणि अनेक वाचनांच्या सरासरीत मिटते. Δn ची चूक मात्र प्रत्येक वाचनात एकाच बाजूला ढकलते.

आणि चार किलोज्यूल म्हणजे पाच हजारांत काय, असं वाटत असेल तर हाच आकडा पुढे वापरून पाहा. नॅफ्थलीनची निर्मिती एन्थाल्पी, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन या मूलद्रव्यांपासून त्याचा एक मोल बनताना होणारा एन्थाल्पीतला बदल, काढायची आहे. दहा कार्बन डायऑक्साइडचे −३९३५.१ आणि चार पाण्याचे −११४३.३, एकूण −५०७८.४. त्यातून −५१५५ वजा केले की अधिक ७७ किलोज्यूल उरतात. मान्य मूल्य सुमारे ७८ आहे. पण वरची चार किलोज्यूलची चूक, जी ज्वलनाच्या आकड्यात एक दशांश टक्काही नव्हती, ती इथे पाच टक्क्यांची होऊन बसते, कारण दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीत चूक तेवढीच राहते आणि उत्तर लहान होतं. निर्मिती एन्थाल्पीचे तक्ते बनवणाऱ्यांना अंशाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत वाचणारी तापमापी लागते ती यामुळेच.