बीपी जास्त आलं म्हणून फिटनेस सर्टिफिकेट अडलंय? पॉवरलिफ्टिंग आणि बॉडीबिल्डिंगवाल्यांसाठी

स्पर्धेच्या एंट्रीला फॉर्म, फोटो, आधार, वयाचा दाखला हे सगळे जोडतातच. अडतं ते मेडिकल फिटनेसवर, म्हणजे एमबीबीएस डॉक्टरची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर असलेल्या एका कागदावर, आणि जाड दंडाच्या पोरांचा बीपीचा आकडाच नेमका जास्त येतो.

पहिली भानगड बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात त्या पट्ट्याची, म्हणजे कफची. साधा कफ साधारण २७ ते ३४ सेंमी दंडासाठी असतो, ३५ ते ४४ ला मोठा कफ लागतो. आमच्या जिममधल्या एका पोराचा दंड ४१, डॉक्टरकडे साधाच कफ, तो कसाबसा गुंडाळला आणि आकडा आला १६२/९८. वर तो वर्कआउट संपवून, प्री-वर्कआउट पिऊन थेट तिथे गेलेला. छोटा कफ आकडा फुगवतो हे मशीनच्या मॅन्युअलमध्येही असतं, पण मोठा कफ ठेवायचा कंटाळा कुणाला नाही! म्हणून जायच्या आधी घरी टेपने दंडाच्या मधोमध माप घ्या आणि मोठा कफ आहे का ते फोन करून विचारा. अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, मग एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायला सांगा.

त्या पोराचं दुसऱ्या दिवशी मोठ्या कफने १४८/९२ आलं. म्हणजे १४ पॉइंट गेले तरी बीपी आहेच. एका रीडिंगवर डॉक्टरने ना 'फिट' लिहावं ना 'अनफिट', पुढचा पुरावा घरचा रेकॉर्ड असतो: सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी खरं धरायचं. तारीख-वेळेसकट वहीत लिहा, नुसतं "घरी नॉर्मल असतं" कुणी मानत नाही. या पोराची सरासरी १४२/८९ आली.

आता तो प्रश्न जो डॉक्टर बहुतेक विचारतच नाहीत आणि पोरं स्वतःहून सांगत नाहीत: स्टेरॉइडची सायकल चालू आहे का? टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन, ट्रेनबोलोन, डायनाबॉल, काहीही असो, ते मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं, रक्त घट्ट करतं, धमन्या कडक करतं आणि हृदयाची भिंत जाड करू शकतं. नाही सांगितलं तर डॉक्टर गोळी देऊन मोकळा होतो आणि मूळ कारण तसंच राहतं. सांगितलंत तर तो ईसीजी, इको, हिमॅटोक्रिट, लिपिड, लिव्हर, किडनी आणि लघवीतलं प्रोटीन बघेल. मसल जास्त असले की क्रिएटिनिन तसंही थोडं वर दिसतं, क्रिएटिन पावडर घेत असाल तर तेही सांगा, शंका असेल तर किडनीसाठी सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करता येते. एकदम बंद करून घरी बसायचंही नाही, स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बसलेलं असतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखाली.

खेळू देतात का? अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या २०१५ च्या शिफारशींमध्ये १६०/१०० च्या वर असेल तर बीपी ताब्यात येईपर्यंत वेटलिफ्टिंग, कुस्ती, बॉक्सिंगसारखे जोर लावायचे खेळ बंद ठेवायला सांगितलं होतं. त्याखाली असेल आणि इको वगैरे ठीक असेल तर सहसा पूर्ण बंदी नसते.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र गोळीत होते. डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या यादीत कायमची बंदी असलेली. टेल्मिसार्टन किंवा अ‍ॅम्लोडिपिन चालतं, पण टेल्मिसार्टनमध्येच हायड्रोक्लोरोथायझाइड घातलेली जोडगोळी मिळते आणि नावाला फक्त एक 'एच' जोडलेला असतो. मेडिकलवाला "तीच आहे" म्हणून देतो, ती तीच नसते. घेण्याआधी स्ट्रिपवरचं बारीक अक्षर वाचा.

डाययुरेटिकशिवाय भागतच नसेल तर नाडाकडे, म्हणजे भारताच्या डोपिंगविरोधी संस्थेकडे टीयूईचा, म्हणजे उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज. स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी, पण हे तीस दिवस अर्ज पूर्ण पोचल्यापासून धरा, रिपोर्ट नंतर पाठवू म्हणाल तर गेला. सोबत डॉक्टरने भरलेला भाग, घरचा बीपी रेकॉर्ड, इको-ईसीजी आणि परवानगी असलेल्या गोळ्यांनी का भागत नाही याचं डॉक्टरचं लेखी कारण. हे शेवटचं पत्र जवळपास कुणाकडेच नसतं. आणि एक अट कुणी वाचत नाही: औषधाची गरज जर आधी परवानगीशिवाय घेतलेल्या बंदीच्या पदार्थामुळे, अगदी अंशतः जरी, निर्माण झाली असेल तर सवलत मिळत नाही. म्हणजे स्टेरॉइडने वाढलेल्या बीपीसाठी डाययुरेटिकची टीयूई मागायची सोयच नाही.

शोच्या आदल्या दिवशी 'ड्राय' दिसायला फ्युरोसेमाइड घेणाऱ्यांनी तर त्या दिवशीचं बीपी दाखवूच नका, पाणी उतरल्यावर ते खोटं कमी येतं, आणि पोटॅशियम घसरलं तर हृदय अडखळतं.