लॅपटॉपचं व्होल्टेज कमी करताना

रात्री व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की माझ्या लॅपटॉपचा आवाज बंद दाराआडूनही ऐकू यायचा. तापमान 95 अंशांवर आणि पंखे मिनिटाला 4,800 फेऱ्यांवर. आत 2018 साली आलेला इंटेलचा सहा कोअरचा i7-8750H आहे. या प्रोसेसरचं व्होल्टेज वापरणाऱ्याला कमी करता येतं. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात.

एका साच्यातल्या दोन चिप तंतोतंत सारख्या निघत नाहीत. कुणाला ठरावीक वेगासाठी जास्त व्होल्टेज लागतं, कुणाला कमी. शिवाय चिप जुनी होते, तापते, तिच्यावर अचानक भार येतो. अशा कुठल्याही वेळी ती अडखळू नये म्हणून कारखान्यातच गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज ठरवलेलं असतं. आपण हात घालतो तो या राखीव भागात.

फायदा मोठा होतो, कारण चिपला काम करताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा, एका वेगाला 1.05 व्होल्ट लागत होते आणि आपण 125 मिलिव्होल्ट कमी केले. उरले 0.925. म्हणजे व्होल्टेज 12 टक्क्यांनी घटलं, पण त्याच वेगाला लागणारी वीज साधारण 22 टक्क्यांनी. जिथे 60 वॉट लागत होते तिथे 47 पुरतात.

इथे बरेच जण फसतात. व्होल्टेज कमी केलं, पण तापमान हललंच नाही, अशी तक्रार येते. सलग भाराखाली हा प्रोसेसर सहसा 45 वॉटच्या मर्यादेला टेकलेला असतो. वीज वाचली की तो ती वेग वाढवण्यात घालवतो. वॉट तेवढेच, म्हणून उष्णताही तेवढीच. शांतता हवी असेल तर वीजमर्यादाही खाली आणावी लागते. मी ती 35 वॉट ठेवली. एक्स्पोर्टचा वेळ जवळजवळ पूर्वीइतकाच राहिला आणि तापमान 80 च्या आत आलं.

विंडोजवर हे काम थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅमच्या FIVR खिडकीत होतं. या पिढीत CPU Core आणि CPU Cache दोन्हींना सारखाच आकडा द्यायचा. एकालाच दिला तर परिणाम दिसत नाही. सुरुवात उणे 50 मिलिव्होल्टपासून करायची, मग 10-10 ने खाली जायचं आणि प्रत्येक पायरीवर निदान अर्धा तास चाचणी घ्यायची. आकडा लगेच कायमचा सेव्ह करू नका. सेव्ह केला नसेल तर लॅपटॉप गोठला तरी बंद करून पुन्हा चालू केल्यावर मूळ व्होल्टेज परत येतं.

माझा लॅपटॉप उणे 140 वर सगळ्या चाचण्या पास झाला आणि दुसऱ्या दिवशी नुसता उघडा असताना निळ्या पडद्यावर गेला. भार नसताना वेग आणि व्होल्टेज दोन्ही आधीच खाली असतात, तिथे वजाबाकी जास्त झोंबते. मी उणे 115 वर थांबलो. गोठण्याआधी बऱ्याचदा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये WHEA-Logger च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसू लागतात. अशी एकही नोंद दिसली तर 10-15 मिलिव्होल्ट परत द्या. चिप यानं जळत नाही. खरी भीती मूक चुकीची आहे. एखादी बेरीज चुकते, फाइल बिघडते आणि कुठलाही इशारा येत नाही. म्हणून चाचणीसाठी प्राइम95 हा प्रोग्रॅम चालवावा, कारण तो स्वतःचं उत्तर तपासत राहतो. आणि चाचणीच्या दिवसांत बॅकअपशिवाय काम करू नये.

पंख्याचं गणित वेगळं आहे. पंख्याचा वेग 4,800 वरून 3,600 वर आणला तर हवा 25 टक्क्यांनी कमी होते, आवाज मात्र सुमारे 6 डेसिबलने उतरतो. तो कानाला लगेच जाणवतो. त्रास मात्र आवाजाच्या चढउताराचा जास्त होतो. एखादं पान उघडलं की चिप क्षणात 20 अंश चढते, पण तांब्याच्या नळ्या आणि पत्रे अजून थंडच असतात. तेवढ्यासाठी पंख्यानं उसळायची गरज नाही. म्हणून पंख्याच्या आलेखात, म्हणजे कुठल्या तापमानाला किती वेग हे ठरवणाऱ्या रेषेत, 50 ते 70 अंशांपर्यंत एकच सपाट वेग ठेवा, पुढे चढ द्या आणि वेग उतरवताना काही सेकंदांचा उशीर. 90 च्या पुढे पूर्ण वेग राहू द्या, त्याला हात लावू नका. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. हा आलेख बहुधा प्रोसेसरचंच तापमान बघतो, पण त्याच हवेवर एसएसडी आणि वीजपुरवठ्याचे भागही थंड होतात. आलेख बदलल्यावर त्यांचंही तापमान एकदा पाहा.

नव्या लॅपटॉपवर व्होल्टेजचा पर्यायच कुलूपबंद दिसू शकतो. डिसेंबर 2019 मध्ये प्लंडरव्होल्ट हा हल्ला जाहीर झाला. मुद्दाम व्होल्टेज पाडून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवायच्या आणि त्यातून गुपितं काढायची, अशी ती युक्ती होती. त्यावर उपाय म्हणून अनेक कंपन्यांनी बायोसमधून हा रस्ता बंद केला. तो उघडायला जुना बायोस घालण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नका, त्यात बाकीच्या दुरुस्त्याही जातात. अशा लॅपटॉपवर वीजमर्यादा खाली आणणं आणि पंख्याचा आलेख बदलणं, हे दोन पर्याय अनेकदा खुले असतात.