शनिवारची रात्र आणि बुधवारचं रडू

"डॉक्टर, माझं सेरोटोनिन संपलंय. ते भरून निघेल असं काहीतरी द्या."

समोर बसलेला मुलगा चोवीस वर्षांचा होता. गोव्याहून सोमवारी सकाळी पुण्यात परतला, थेट ऑफिसला गेला, आणि बुधवारी दुपारी एका साध्या मीटिंगमधून उठून बाथरूममध्ये जाऊन रडला. कारण काहीच नव्हतं, म्हणूनच तो घाबरला होता. शनिवारी रात्री त्यानं एमडीएमए ही पार्ट्यांतली नशेची गोळी घेतली होती. मित्रांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की मंगळवार-बुधवार जड जातात, मेंदूतलं सेरोटोनिन एका रात्रीत खर्च होतं आणि मग हिशेब चुकता करावा लागतो.

हे स्पष्टीकरण जगभर याच शब्दांत सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही असं नाही, पण त्या बुधवारचा उलगडा त्यानं होत नाही, असं माझं मत आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडच्या बातम्यांत 'एमडी' म्हणून जी पावडर पकडली जाते ती बहुतेक वेळा मेफेड्रोन असते. एमडीएमए हा वेगळा पदार्थ. मेफेड्रोनचा असर लवकर उतरतो, म्हणून माणूस रात्रभर पुन्हापुन्हा घेत राहतो, आणि त्यानंतरची मरगळही वेगळी असते. गोळी किंवा पुडी कुठल्या नावानं विकली गेली यावरून आत काय होतं हे कळत नाही. हा मुलगाही "एमडीएमएच होतं" हे विकणाऱ्याच्या शब्दावर सांगत होता.

आता सेरोटोनिन. मेंदूतल्या काही चेतापेशी हे रसायन लहान लहान पिशव्यांत साठवून ठेवतात आणि थोडं थोडं बाहेर सोडतात. काम झालं की पेशीच्या भिंतीवरचा एक वाहक प्रथिन-रेणू ते परत आत खेचून घेतो. एमडीएमए याच वाहकातून आत शिरतं, पिशव्यांतला साठा मोकळा करतं आणि वाहकाची दिशाच उलटी फिरवतं. जे आत ओढायचं ते बाहेर लोटलं जाऊ लागतं. त्या तीन-चार तासांत सगळ्यांबद्दल दाटून येणारी माया बरीचशी या पुरातून येते. आधी सेरोटोनिनचा वाहक अडवणारं नैराश्यावरचं औषध दिलं, तर एमडीएमएचा असर फिका पडतो, हे प्रयोगांत दिसलं आहे.

एवढ्यावर ते थांबत नाही. सेरोटोनिन बनवणारं एक विकर असतं, ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज. एमडीएमए तेही निकामी करतं. म्हणजे कोठार रिकामं होतं आणि त्याच वेळी गिरणीही बंद पडते. मित्रांच्या सांगण्याचा पाया हा आहे, आणि तो प्रयोगशाळेत तपासलेला आहे.

पण तपासलेला आहे तो उंदरांत. तिथलं वेळापत्रक नीट पाहण्यासारखं आहे. उंदराला एकच मोठा डोस दिला की मेंदूतलं सेरोटोनिन तीन ते सहा तासांत खोल जातं आणि साधारण चोवीस तासांत बरंचसं सावरतं. त्यानंतर सुमारे आठवड्यानं पुन्हा घट दिसते, आणि ती चेतातंतूंना झालेल्या इजेची मानली जाते. हे डोस असतात दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. सत्तर किलोच्या माणसानं १२० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर दर किलोला पावणेदोन मिलिग्रॅमसुद्धा पडत नाही. उंदराचा डोस माणसाच्या मापात कसा मोजायचा यावर शास्त्रज्ञांत जुना वाद आहे, म्हणून या तुलनेवरून माणूस सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. मुद्दा वेळेचा आहे. साठा सगळ्यात रिकामा असतो तो पहिल्या दिवशी. मग मन सगळ्यात खाली जायला हवं रविवारी. ते बुधवारी का जातं?

बुधवार हा नुसता पार्टीवाल्यांचा समज नाही. लंडनच्या व्हॅल करन आणि रॉस ट्रॅव्हिल यांनी १९९७ साली क्लबात जाणाऱ्या चोवीस जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या बारा जणांनी त्या रात्री एमडीएमए घेतलं होतं, बारा जणांनी फक्त दारू. दोन्ही गटांची मनःस्थिती त्या रात्री, दुसऱ्या दिवशी आणि पाचव्या दिवशी तपासली. दारूवाल्यांचा उतार दुसऱ्या दिवशी होता, पुढे ते सावरले. एमडीएमएवाले पहिल्या रात्री खुशीत होते आणि पाचव्या दिवशी खाली गेले. काहींचे गुण तर नैराश्याच्या आजारात बसावेत इतके होते. आठवड्याच्या मधल्या उताराची शास्त्रातली चर्चा मुख्यतः या अभ्यासापासून सुरू झाली.

अभ्यास प्रामाणिक होता, पण त्याची रचना लक्षात ठेवायला हवी. कोणी काय घ्यायचं हे संशोधकांनी ठरवलं नव्हतं, ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं होतं. गोळीत किती आणि काय होतं हे ठाऊक नव्हतं. एमडीएमए घेतलेला माणूस दारू प्यायलेल्यापेक्षा जास्त वेळ नाचतो, कमी खातो, उशिरा झोपतो. पाचव्या दिवशीचा उतार औषधाचा की त्या सगळ्या रात्रीचा, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही.

हे वेगळं काढायची संधी पुढे ब्रिस्टलमध्ये मिळाली. बेन सेसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूचं व्यसन सोडलेल्या चौदा जणांना मानसोपचारांच्या जोडीनं एमडीएमए दिलं. एकूण सव्वीस सत्रं झाली. डोस लहान नव्हता: आधी १२५ मिलिग्रॅम आणि दोन तासांनी आणखी ६२.५. पण औषध शुद्ध होतं, सत्र दिवसा व्हायचं, सोबत दारू नव्हती, रात्री माणूस तिथेच झोपायचा. त्यानंतर सलग सात दिवस रोज मनःस्थितीची आणि झोपेची विचारपूस झाली. मधल्या आठवड्यात मन खाली गेल्याचं दिसलं नाही. झोप तर आधीपेक्षा सुधारली.

रेणू तोच, मात्रा पार्टीतल्या एका गोळीपेक्षा जास्त, सेरोटोनिनचा पूरही आलाच असणार. तरीही बुधवार आला नाही. साठा संपणं एवढं एकच कारण असतं, तर तो तिथेही यायला हवा होता. अर्थात या अभ्यासात औषध नसलेल्या गोळीशी तुलना नव्हती, माणसं थोडी होती, आणि उपचार घेणाऱ्याला धीर देणारी माणसं आठवडाभर भोवती होती. त्या आधारानंच मन वर धरलं असेल, अशी शंका रास्त आहे. पण मग तो मुद्दाही मनःस्थिती नुसत्या रसायनाच्या साठ्यावर चालत नाही, हेच सांगतो.

याला एक जुना दुजोरा आहे. निरोगी माणसाला अमिनो आम्लांचं असं पेय देता येतं, ज्यात फक्त ट्रिप्टोफॅन नसतं. ट्रिप्टोफॅन हा सेरोटोनिनचा कच्चा माल. पाच-सहा तासांत रक्तातलं ट्रिप्टोफॅन धाडकन उतरतं आणि मेंदूत सेरोटोनिन बनणं मंदावतं. तरीही ज्यांना कधी नैराश्य आलेलं नाही अशा बहुतेकांचं मन जागचं हलत नाही. नैराश्यातून सेरोटोनिनवरच्या औषधांनी बरे झालेल्यांत मात्र काही तासांतच जुनी उदासी परत डोकावते. म्हणून पूर्वी नैराश्य येऊन गेलंय का, हा प्रश्न मी अशा प्रत्येकाला विचारते. कमी सेरोटोनिनचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही.

त्या मुलाला पूर्वी कधी नैराश्य आलं नव्हतं. मग मी कागद घेतला आणि त्याला शनिवारपासून तासातासाचं सांगायला लावलं. रात्री अकराला एक गोळी, दोनला अर्धी. मध्ये तीन बिअर. सकाळी सातला खोलीवर. नऊ ते एक झोप, तीही तुटक. रविवारी दिवसभरात अर्धी प्लेट फ्राइड राइस, कारण भूकच नव्हती. रात्री बस, त्यात जेमतेम तीन तास डोळा लागला. सोमवारी कॉफीवर दिवस काढला, रात्री अंग थकलेलं पण डोळे टक्क, चार तास झोप. मंगळवारी पाच. बेरीज केली तर शनिवार सकाळ ते बुधवार सकाळ या चार रात्रींत मिळून सोळा तास. त्याची नेहमीची झोप सात तासांची, म्हणजे अठ्ठावीस हवे होते.

एमडीएमएचं रक्तातलं प्रमाण साधारण आठ-नऊ तासांत निम्मं होतं. शनिवारी रात्री घेतलेलं बुधवार दुपारपर्यंत दहाएक वेळा निम्मं झालेलं असतं, म्हणजे हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. औषध केव्हाच गेलेलं. झोपेची थकबाकी मात्र दर रात्री वाढत गेली होती. एमडीएमए स्वतःही झोप कमी करतं, त्यातही स्वप्नांची झोप. अपुऱ्या झोपेत दुःखाला लवकर पाणी फुटतं हे लहान मूल असलेल्या कुठल्याही घरात विचारा. रविवारी सुट्टी असते, मित्र सोबत असतात, आदल्या रात्रीची ऊब टिकून असते. बुधवारी यातलं काहीच नसतं, आणि ज्याच्याशी मन तुलना करतं ती रात्र आयुष्यातली सर्वांत मोकळी रात्र असते. त्यात त्याला आधीच सांगितलं होतं, की बुधवारी वाईट वाटणार. साधं वाईट वाटलं तरी माणूस मग त्याला मोठं नाव देतो.

"मग रक्ताची तपासणी करून बघू या ना," तो म्हणाला. त्यानं काही कळलं नसतं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, रक्तातलं प्लेटलेट्समध्ये, आणि ते मेंदूत जात नाही. प्रयोगशाळेचा आकडा मेंदूच्या कोठाराबद्दल काहीच सांगत नाही.

त्यानं ऑनलाइन ५-एचटीपीच्या गोळ्या मागवल्या होत्या. पुढच्या वेळी सोबतच घेऊ, म्हणजे साठा कमी पडणार नाही, असा त्याचा बेत. तिथे मी त्याला स्पष्ट थांबवलं. ५-एचटीपीपासून शरीर थेट सेरोटोनिन बनवतं, आणि एमडीएमएसोबत ते घेतलं तर पुराचा महापूर होऊ शकतो. काही नैराश्याच्या गोळ्या, विशेषतः एमएओ रोधक गटातल्या, एमडीएमएसोबत जिवावर बेततात. ताप चढणं, हातपाय थरथरणं, घोट्याला झटके येणं, स्नायू कडक होणं, बडबड सुरू होणं, यांतलं काही दिसलं तर घरी वाट बघायची नाही, ताबडतोब रुग्णालय गाठायचं आणि काय घेतलं ते खरं सांगायचं.

दुसरं मी त्याला विचारलं ते जिवाबद्दल. मरून जावंसं वाटतं का? इंग्रजीत या दिवसाला 'आत्महत्येचा मंगळवार' असंही म्हणतात, आणि नाव सहज घेतलं जातं म्हणून प्रश्न सहज सोडून द्यायचा नसतो. त्याला तसं वाटत नव्हतं. ज्याला वाटतं, किंवा ज्याची उदासी दोन आठवडे झाले तरी हटत नाही, त्यानं 'पार्टीचा उतार आहे' म्हणून थांबू नये. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

सेरोटोनिनला मी पूर्ण निर्दोष सोडत नाही. वर्षानुवर्षं खूप प्रमाणात घेणाऱ्यांच्या मेंदूच्या प्रतिमांत तो वाहक रेणू कमी झालेला दिसतो, आणि घेणं थांबवल्यावर महिन्यांनी तो बराच भरून येतो असे पुरावे आहेत. अशा माणसाच्या मंगळवारात रसायनाचा वाटा मोठा असू शकतो. एका रात्रीच्या दीड गोळीचं गणित त्याच्यासारखं मांडता येत नाही.

मुलाला मी गोळी दिली नाही. गुरुवारी रजा घ्यायला सांगितली, कॉफी दुपारी दोनपर्यंतच, रात्री पोटभर वरण-भात, आणि झोपेची नोंद वहीत. पुढच्या बुधवारी तो वही घेऊन आला. गुरुवारी रात्री अकरा तास, शुक्रवारी नऊ, मग रोज सात. शनिवारच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'आज बरं वाटलं', आणि कंसात, 'अजून कळत नाही का'.